बंद नाक आणि वाढलेलं टर्बिनेट: मशीन लावण्याआधी काय तपासायचं

प्रश्न: वय ३४, सातपूर एमआयडीसीत नोकरी. तीन वर्षांपासून नाक बंद होतं, कधी डावं तर कधी उजवं, आडवं झालं की जास्त. मेडिकलमधून आणलेले थेंब टाकले तरच झोप लागते. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही बाजूंचं इन्फीरियर टर्बिनेट वाढलंय असं आलंय. एक डॉक्टर म्हणतात मशीनने कमी करून घ्या, पंधरा मिनिटांचं काम आहे. दुसरे म्हणतात आधी स्प्रे मारा. घरचे म्हणतात नाकातलं मांस काढलं तरी परत वाढतं. नक्की काय करू?

उत्तर:

आधी थेंब सोडा, मग निदान सहा ते आठ आठवडे स्टेरॉइडचा स्प्रे नीट मारा, आणि त्यानंतरही नाक बंद राहिलं तर टर्बिनेट कमी करायचा विचार करा. तुमच्या दोन्ही डॉक्टरांचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर असू शकतं, फरक फक्त आधी काय आणि नंतर काय याचा आहे. नाशिकमध्ये मी बरीच वर्षं नाकाचे रुग्ण पाहतो आहे. टर्बिनेटची शस्त्रक्रिया करूनही नाराज असलेले जे लोक येतात, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत हा क्रम चुकलेला असतो.

नाकाच्या प्रत्येक बाजूला बाहेरच्या भिंतीवर तीन टर्बिनेट्स असतात. त्यातलं सगळ्यात खालचं आणि मोठं ते इन्फीरियर टर्बिनेट. आत पातळ, वळलेलं हाड, त्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेला मऊ थर आणि वरून ओलसर अस्तर. या मधल्या थरातल्या शिरा रक्ताने भरल्या की टर्बिनेट फुगतं, आकसल्या की लहान होतं. आत येणारी हवा गरम करणं, तिला ओलावा देणं आणि धूळ अडवणं हे त्याचं काम. फोनचा टॉर्च लावून आरशात पाहिलं की पुढेच जो गुलाबी गोळा दिसतो, तो बहुतेक वेळा हेच टर्बिनेट असतं. पुष्कळ लोक त्याला पॉलिप समजून घाबरून येतात. पॉलिप फिकट, ओलसर चकाकणारा असतो आणि त्याला स्पर्श केला तरी फारसं कळत नाही. टर्बिनेटला नुसता कापूस लागला तरी डोळ्यांत पाणी येतं.

निरोगी माणसाच्या नाकातही हे टर्बिनेट दिवसभर सारखं नसतं. काही तास एक बाजू फुगलेली असते, मग ती उतरते आणि दुसरी फुगते. एरवी आपल्याला याचा पत्ताही लागत नाही. पण दोन्ही बाजू मुळातच सुजलेल्या असल्या की ही अदलाबदल जाणवायला लागते, आणि माणूस सांगतो की नाक कधी इकडून तर कधी तिकडून बंद होतं. आडवं झाल्यावर डोक्याकडच्या शिरांत रक्त जास्त साठतं, त्यात कुशीवर झोपलं की खालची बाजू अधिक भरते. म्हणून बाजू बदलणारं, रात्री वाढणारं आणि थेंबांनी उघडणारं नाक पाहिलं की माझा पहिला अंदाज अस्तराच्या सुजेचा असतो. वाढलेलं हाड बाजू बदलत नाही.

सीटीच्या रिपोर्टबद्दलही इथेच सांगतो. स्कॅन म्हणजे त्या एका क्षणाचं चित्र. ज्या वेळी तुम्ही मशीनमध्ये होता त्या वेळी जी बाजू फुगलेली असेल ती मोठी दिसणार. नाकाची कसलीच तक्रार नसलेल्या माणसाच्या स्कॅनमध्येही एक टर्बिनेट दुसऱ्यापेक्षा मोठं दिसू शकतं. त्यामुळे ‘टर्बिनेट हायपरट्रॉफी’ एवढ्या दोन शब्दांवर कुणी शस्त्रक्रिया ठरवू नये. सीटीचा खरा उपयोग टर्बिनेटच्या आतलं हाड किती जाड आहे, ते दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या दिशेने किती झुकलंय आणि सायनसमध्ये आणखी काही आहे का, हे पाहण्यासाठी आहे.

आता थेंब. झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीन असलेले थेंब त्या शिरा आवळतात, म्हणून पाच-दहा मिनिटांत नाक मोकळं होतं. पाच-सात दिवसांपेक्षा जास्त वापरले की औषधाचा असर उतरताना शिरा आधीपेक्षा जास्त फुगतात. मग पुन्हा थेंब, पुन्हा सूज. मूळ सर्दी किंवा अॅलर्जी कधीच मागे पडलेली असते आणि नाक बंद करणारी गोष्ट थेंबच असतात. तुमच्या बाबतीत किती सूज मुळातली आणि किती थेंबांची, हे थेंब सुटल्याशिवाय मला काय, कुणालाच सांगता येणार नाही.

सोडायची पद्धत अशी. स्टेरॉइडचा स्प्रे, म्हणजे फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन, डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि थेंब चालू असतानाच सुरू करा. आठवडाभराने फक्त एका नाकपुडीतले थेंब पूर्ण बंद करा आणि दुसरी चालू ठेवा, म्हणजे झोपेपुरता एक रस्ता उघडा राहतो. बंद केलेली बाजू पहिले चार-पाच दिवस त्रास देईल. साधारण एक-दोन आठवड्यांत ती स्वतःहून उघडायला लागली की दुसरीही सोडा. काहींना या काळासाठी थोडे दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या द्याव्या लागतात, पण मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर त्या डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायच्या.

स्प्रेबाबत माझी एक कायमची विनंती असते: डॉक्टरांसमोर एकदा मारून दाखवा. ‘स्प्रे करून झाला, फरक पडला नाही’ असं सांगणाऱ्यांपैकी कितीतरी जण डोकं मागे टाकून, जोरात ओढत, सरळ मधल्या पडद्यावर फवारतात. औषध घशात जातं, पडदा कोरडा पडतो, कधी रक्त येतं आणि टर्बिनेटला काही मिळत नाही. मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजवीत, टोक त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे, आणि श्वास अगदी हलका. स्प्रेआधी मिठाच्या पाण्याने नाक धुतलंत तर जास्त चांगलं. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट छोटा चमचा मीठ पुरे. नळाचं पाणी तसंच वापरू नका, ते नाकासाठी सुरक्षित नाही. स्प्रे थेंबांसारखा लगेच नाक उघडत नाही. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत सोडून दिलेल्या स्प्रेला मी उपचार झाला असं मानत नाही. शिंका, नाकाला खाज, डोळ्यांत पाणी असेल तर सोबत अॅलर्जीची गोळी लागेल. नुसत्या बंद नाकावर ती फारशी चालत नाही.

सहा-आठ आठवड्यांनी फेरतपासणीला जाल तेव्हा त्या दिवशी थेंब अजिबात टाकून जाऊ नका. त्या तपासणीत आम्ही दुर्बिणीने नाक दोनदा बघतो. एकदा आहे तसं, आणि मग थेंबांत भिजवलेला कापूस दहा मिनिटं ठेवून पुन्हा. टर्बिनेट आकसलं आणि तुम्हालाही श्वास मोकळा वाटला, तर अडथळा मऊ थराचा आहे आणि तो कमी करून फायदा होण्याची शक्यता चांगली. टर्बिनेट जागचं हललंच नाही, तर हाड मोठं आहे किंवा अस्तर जुनाट सुजेने कायमचं जाड झालंय. टर्बिनेट छान आकसलं, समोर रस्ता मोकळा दिसतोय, तरी तुम्ही म्हणताय बंदच आहे, तर गुन्हेगार दुसरा कुणीतरी आहे. पडदा वाकडा असेल, किंवा श्वास घेताना नाकपुडीची बाजूची भिंत आत ओढली जात असेल. हे घरीही थोडंफार कळतं: गालावर नाकाशेजारी बोट ठेवून गाल बाहेरच्या बाजूला ओढा. तेवढ्याने श्वास एकदम सुटला तर नाकाच्या पुढच्या अरुंद भागाकडे नीट बघायला हवं. या तिसऱ्या प्रकारच्या माणसाचं टर्बिनेट कमी केलं तर त्याला काहीही मिळत नाही.

एका रुग्णाचं उदाहरण सांगतो, ओळख लागू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत. निफाडकडचे द्राक्ष बागायतदार, चाळिशीचे. ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत नाक बंद, तोंडाने श्वास, सकाळी घसा कोरडा, घोरण्याने घरचे हैराण. द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी गंधकाची धुरळणी केली की दोन दिवस जास्त त्रास. थेंब जवळजवळ दोन वर्षं चालू. त्यांनाही ‘मांस काढून टाका’ असंच हवं होतं. वरच्या पद्धतीने थेंब सोडवले, स्प्रे आणि मिठाचं पाणी दोन महिने, बागेत फवारणीला मास्क. शिंका आणि पाणी थांबलं, दिवसा बरं वाटायला लागलं, पण रात्रीचं बंद नाक राहिलंच.

तेव्हा तपासलं. पडदा डावीकडे बऱ्यापैकी वाकलेला होता. डावं टर्बिनेट कापूस ठेवल्यावर आकसलं, पण तिथली मुळातली जागाच पडद्याने खाल्ली होती. उजवीकडे पडदा लांब गेल्यामुळे जागा भरपूर हवी, तर तिथे टर्बिनेट एवढं वाढलं होतं की तेही पडद्याला टेकलेलं, आणि कापसाने ते थोडंच उतरलं. पडदा एका बाजूला वाकला की दुसऱ्या बाजूचं टर्बिनेट वर्षानुवर्षांत मोकळी जागा भरून काढतं, हे आम्ही नेहमी पाहतो. सीटीत त्या टर्बिनेटचं हाड जाड आणि पडद्याकडे झुकलेलं दिसलं.

या माणसाला फक्त मऊ थर मशीनने गरम करून आकसवणारी रेडिओफ्रिक्वेन्सी लावली असती तर उजवीकडचं हाड तसंच राहिलं असतं. फक्त पडदा सरळ केला असता तर तो मध्ये आल्यावर उजवी बाजू आणखी अरुंद झाली असती. म्हणून पूर्ण भूल देऊन पडदा सरळ केला, उजव्या टर्बिनेटला पुढून छोटा छेद देऊन अस्तराच्या आतून मऊ थर आणि थोडं हाड काढलं, आणि उरलेलं हाड बाहेरच्या भिंतीकडे ढकलून बसवलं. डाव्या टर्बिनेटला हातही लावला नाही. पहिले आठ-दहा दिवस त्यांचं नाक आधीपेक्षा जास्त बंद होतं, सूज आणि खपल्यांमुळे. हे आधी सांगून ठेवलं होतं म्हणून ते घाबरले नाहीत. तिसऱ्या आठवड्यापासून श्वास उघडला आणि वर्षानंतरही तो टिकून होता. मात्र पुढच्या छाटणीच्या हंगामात त्यांनी ‘आता ऑपरेशन झालंय’ म्हणून स्प्रे बंद केला आणि शिंका, पाणी, थोडं बंद नाक परत आलं. स्प्रे सुरू केल्यावर पुन्हा ठीक.

तुमच्या घरच्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढंच. टर्बिनेट कमी केल्याने त्याचा आकार कमी होतो, अॅलर्जी जात नाही. धुळीतले माइट्स, गाजर गवताचे परागकण, सातपूर-अंबडचा धूर, सिंहस्थाच्या कामांनी उकरलेल्या रस्त्यांची धूळ, हे सगळं शस्त्रक्रियेनंतरही नाकात जाणारच. उरलेलं अस्तर सुजू शकतं, त्यामुळे फायदा टिकवायचा असेल तर बऱ्याच जणांना हंगामात स्प्रे चालू ठेवावा लागतो.

तुम्हाला सुचवलेलं पंधरा मिनिटांचं काम बहुधा रेडिओफ्रिक्वेन्सीचं असावं. यात जागेवरच बधिर करून सुईसारखं टोक टर्बिनेटच्या पुढच्या भागातून आत घालतात आणि ठरलेली ऊर्जा देऊन आतला मऊ थर गरम करतात. तो भाग बरा होताना आक्रसतो आणि टर्बिनेट बारीक होतं. वरचं अस्तर बऱ्याच अंशी शाबूत राहतं, रक्तस्राव कमी, बहुतेक जण त्याच दिवशी घरी. पण परिणाम लगेच नाही, तीन ते सहा आठवडे थांबावं लागतं, आणि काहींना दोन-तीन वर्षांनी पुन्हा करावं लागतं. थेंबांनी आकसणाऱ्या मऊ टर्बिनेटसाठी हा चांगला पर्याय आहे. हाड मोठं असेल तर तो अपुरा पडतो. तिथे त्या बागायतदारांना केलं तसं अस्तराच्या आतून काढणं आणि बाहेर ढकलणं जास्त टिकतं. इटलीत ३८२ रुग्णांना सहा वेगवेगळ्या पद्धतींत वाटून वर्षानुवर्षं मागोवा घेतलेला एक मोठा अभ्यास आहे. त्यातही दूरचा विचार करता हीच पद्धत सरस ठरली. लेझर किंवा कॉटरीने वरून जाळण्याच्या मी विरोधात आहे. त्यात अस्तरच जळतं, आणि शेंबूड पुढे सरकवणारे अस्तरावरचे बारीक केस गेले की महिनोन्‌महिने खपल्या धरतात.

सगळं टर्बिनेट कापून टाकणं हे तर कुणी सुचवलं तरी नाही म्हणा. नाकातून हवा जातेय ही जाणीव हवेच्या प्रमाणावर तितकी अवलंबून नसते, जितकी अस्तरावर लागणाऱ्या थंडाव्यावर असते. विक्स लावल्यावर नाक उघडल्यासारखं वाटतं ते यामुळेच. मेंथॉल थंडाव्याची जाणीव देणाऱ्या चेतातंतूंना जागं करतं, जागा तेवढीच राहते. टर्बिनेट पूर्ण गेलं की तो थंडावा टिपणारं अस्तरही जातं. नाक आतून भलं मोठं मोकळं दिसतं आणि माणूस मात्र गुदमरल्याची तक्रार करतो, झोप उडते, नाक कोरडं पडतं, खपल्या येतात. याला एम्प्टी नोज सिंड्रोम म्हणतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये हे नाव दिलं. हे सगळ्यांना होत नाही, पण झालं तर त्यावर हमखास उपाय नाही. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत हवा थंड आणि कोरडी असते, अशा हवेत अस्तर गमावलेल्या नाकाचे हाल मी पाहिले आहेत. कापलेला भाग परत आणता येत नाही. कमी काढलं असेल तर पुढे आणखी काढता येतं, म्हणून मी नेहमी थोडं कमीच काढतो.

काही जणांना मी थांबायलाच सांगतो. गरोदरपणात सुजलेलं नाक बाळंतपणानंतर सहसा काही आठवड्यांत आपोआप उतरतं. थायरॉइड कमी असेल तर आधी तो आटोक्यात आणायचा. लहान मुलात आधी नाकामागची अॅडेनॉइडची गाठ बघायची. आणि घोरताना श्वास मध्येच थांबत असेल, दिवसा डुलक्या लागत असतील तर झोपेची तपासणी आधी करा. टर्बिनेट कमी करून स्लीप अॅप्निया बरा होईल अशी आशा ठेवू नका. झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन लावणाऱ्यांना मोकळ्या नाकाने ते सोसायला सोपं जातं, एवढा फायदा मात्र नक्की आहे. नाक कायम एकाच बाजूने बंद असेल आणि त्याच बाजूने रक्त येत असेल तर स्प्रेचे आठ आठवडे थांबू नका, लगेच दुर्बिणीने तपासून घ्या. तुमचं नाक बाजू बदलतं, त्यामुळे ही शंका तुमच्याबाबत कमी आहे.

पुढे रेडिओफ्रिक्वेन्सी करायची ठरलीच, तर पहिला आठवडा नाक जास्त बंद राहील हे धरून सुट्टी टाका आणि दुचाकीवरून लांबचे प्रवास टाळा. दोन आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही, मिठाचं पाणी दिवसातून तीन-चार वेळा, खपल्या नखाने काढायच्या नाहीत. रक्ताचा एखादा थेंब चालतो. धार लागली तर पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं सलग दाबून धरा, आणि तरी थांबलं नाही तर तडक दवाखाना. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना आधीच सांगा, आपल्या मनाने बंद करू नका. थेंब मात्र सूज वाटली म्हणून पुन्हा सुरू करायचे नाहीत, नाहीतर मशीनने कमी केलेल्या टर्बिनेटवरही तेच चक्र परत सुरू होतं.